‘प्रेस बंद’ म्हणजे मिटलेला की थांबलेला?

घाट उतरून कामधंद्याला जाणे आमच्या सीमाभागाला नवे नाही. खानापूर तालुक्यातील कितीतरी घरांत एक तरी मुलगा गोव्याकडील कारखान्यात कामाला असतो. महिन्यातून एकदा तो गावी येतो, चार दिवस राहतो आणि पुन्हा पाळीवर हजर होतो. असाच एक तरुण गेल्या गणेशोत्सवाच्या सुटीत आमच्या वाचनालयाच्या समितीकडे आला. दहावीला तो आमच्याच वर्गात होता. हातात इंग्रजी मजकुराची चार पाने होती आणि त्याचेच कुणीतरी केलेले मराठी भाषांतर. टायर तयार करणाऱ्या कारखान्यातले, नव्या कामगारांना शिकवण्यासाठीचे ते पत्रक होते. तो म्हणाला, “गुरुजी, हे मराठीत आहे खरं, पण वाचून काहीच कळत नाही. इंग्रजी वाचलं तर निदान अर्धं तरी कळतं.”

मराठीच्या शिक्षकाला याहून लाजिरवाणे वाक्य कोणते ऐकायला मिळणार? आम्ही ती पाने ठेवून घेतली. पुढचे सहा रविवार आमच्या समितीने त्यावर घालवले. भाषेच्या प्रश्नावर या स्तंभातून आम्ही पुष्कळदा लिहितो, पण बहुधा शाळा, दाखले आणि सरकारी पाट्या यांच्यापुरतेच. आज कारखान्याच्या आतल्या भाषेबद्दल लिहायचे आहे. तेथे शब्द चुकला तर गुण कापले जात नाहीत, बोटे कापली जातात.

पत्रकाकडे वळण्यापूर्वी टायर कसा होतो ते थोडक्यात सांगणे भाग आहे. मोटारीचा टायर म्हणजे नुसत्या रबराची ओतीव चकती नव्हे. तो थरांनी बांधावा लागतो. एका फिरत्या ढोलावर आधी हवा धरून ठेवणारा रबराचा पातळ पापुद्रा गुंडाळतात. त्यावर रबरात बुडवलेल्या दोऱ्यांचे कापड येते. दोन्ही बाजूंना पोलादी तारेची दोन कडी बसवून कापडाच्या कडा त्यांच्यावरून दुमडतात. मग बाजूच्या भिंती, वर पोलादी तारांचे पट्टे आणि शेवटी रस्त्याला घासणारा जाड थर. या वेळपर्यंत हा टायर मऊ आणि चिकट असतो. अंगठा दाबला तर ठसा उमटतो. त्याच्यावर नक्षी नसते.

असा टायर मग प्रेसमध्ये जातो. प्रेस म्हणजे खालीवर दोन भागांचा लोखंडी साचा. त्याच्या मधोमध रबराची एक जाड पिशवी असते. तिला सगळे ब्लॅडर म्हणतात. टायर या ब्लॅडरभोवती ठेवायचा, ब्लॅडर थोडा फुगवून टायर नीट बसवायचा, साचा लावायचा आणि मग ब्लॅडरमध्ये वाफ किंवा गरम पाणी जोराच्या दाबाने सोडायचे. आतून ब्लॅडर रेटतो, बाहेरून साचा तापवतो. साच्यावर कोरलेली नक्षी टायरवर उमटते आणि रबर कायमचे घट्ट होते. मोटारीच्या टायरला सुमारे १७० अंश सेल्सिअस उष्णतेत दहा ते पंधरा मिनिटे लागतात. ट्रकच्या जाड टायरला याच्या कितीतरी पट वेळ द्यावा लागतो.

आता या सगळ्याचे जे मराठी भाषांतर आमच्यापुढे आले, त्यात कच्च्या टायरला ‘हिरवा टायर’ म्हटले होते. इंग्रजीत हिरवे म्हणजे कोवळे, अपक्व असाही अर्थ होतो, हे भाषांतर करणाऱ्याच्या ध्यानी आले नाही. टायर तर काळाकुट्ट. तारेच्या कड्याला ‘मणी’ म्हटले होते आणि ब्लॅडरला चक्क ‘मूत्राशय’. थर एकमेकांवर रुळाने दाबून मधली हवा काढतात, त्या कामाला इंग्रजीत ‘स्टिचिंग’ म्हणतात, म्हणून पत्रकात ‘थरांची शिवण करा’ असे छापले होते. आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी शेजारच्याला सुई-दोरा कुठे मिळतो म्हणून विचारले होते.

हे वाचून समितीचे सभासद पोट धरून हसले. पण हसण्यावारी नेण्याजोग्या चुका तेवढ्याच होत्या. ‘मूत्राशय’ वाचून कुणी फसत नाही. फार तर हसतो आणि शेजाऱ्याला विचारतो. खरी फसवणूक करतात ते शब्द, जे शुद्ध मराठी असतात, सोपे असतात आणि एकाच वेळी दोन अर्थ सांगतात. त्या पत्रकात असा एक शब्द अकरा वेळा आला होता. तो शब्द ‘बंद’.

या शब्दाची हकीकत त्या तरुणानेच सांगितली. कामाला लागून जेमतेम आठवडा झाला होता. कच्चा टायर प्रेसमध्ये ठेवताना तो जरा तिरका बसला. लांबून देखरेख करणाऱ्याने ते पाहिले आणि ओरडला, “बंद कर, बंद कर!” त्याला म्हणायचे होते, थांबव. पोराने पत्रकात सकाळीच वाचले होते की टायर ठेवल्यावर ‘प्रेस बंद करा’. त्याने साचा लावण्याचे बटण दाबले. वरचा साचा खाली आला आणि तिरक्या टायरची कड चेमटली. सुदैवाने पोराचा हात बाहेर होता. एका टायरवर निभावले. बोलणी मात्र त्याने खाल्ली, कारण ‘सांगितलेले ऐकत नाही’ असा शेरा पडला. आमच्या मते त्याने सांगितलेले अक्षरशः ऐकले होते.

वाचकहो, थोडा विचार करा. आपण मराठीत दार बंद करतो आणि दिवाही बंद करतो. पेटी बंद करतो, पंखा बंद करतो. पहिल्या अर्थाने वस्तू मिटते, दुसऱ्या अर्थाने चालणारी वस्तू थांबते. घरात याने काही बिघडत नाही, कारण पंखा मिटता येत नाही आणि पेटी चालत नाही. पण प्रेस हे असे यंत्र आहे की ते मिटतेही आणि चालतेही. त्यामुळे ‘प्रेस बंद करा’ या तीन शब्दांत दोन अगदी उलट्या आज्ञा मावतात. एका आज्ञेने वरचा साचा खाली येतो, दुसरीने तो जागच्या जागी थांबायला हवा. इंग्रजीत या दोन क्रियांना दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून मूळ पत्रकात घोटाळा नव्हता. तो मराठीत येताना झाला.

याहून वाईट वाक्य पुढच्या पानावर होते. ‘प्रेस बंद असल्याची खात्री झाल्यावरच ब्लॅडरची तपासणी करावी.’ मिटलेल्या प्रेसमधला ब्लॅडर दिसणारच नाही, तेव्हा येथे बंद म्हणजे थांबलेला हे कुणीही ओळखील. पण थांबलेला म्हणजे तरी काय? बटण दाबून थांबलेला, वीज तोडलेला, की वीज तोडून, वाफेची झडप फिरवून, कुलूप लावलेला? बटणाने थांबलेल्या प्रेसचे लोखंड तासभर तापलेलेच असते आणि नळीत वाफ अडकलेली असू शकते. ‘बंद’ म्हटले की आपल्या मनात वस्तू निवांत, निरुपद्रवी होते. हा प्रेस तसा होत नाही.

यावर आम्ही असे ठरवले की संपूर्ण पत्रकातून ‘बंद’ हा शब्द हद्दपार करायचा. त्याच्या जागी तीन शब्द घेतले. साच्याचे दोन भाग एकमेकांवर येतात त्याला ‘साचा मिटणे’. डोळे मिटतात, छत्री मिटते, तसा साचा मिटतो. चालणारे यंत्र अडवायचे असेल तेथे ‘थांबवणे’. आणि आत हात घालून दुरुस्ती करायची असेल तेथे ‘वीज व वाफ तोडून कुलूप लावणे’, मग वाक्य कितीही लांबले तरी चालेल. ओरडायचे झाले तर एकच शब्द, ‘थांब’. तो कानडी भाऊबंदालाही कळतो, कोकणी बोलणाऱ्यालाही कळतो. पाळीवर सगळे मराठी असतात असे थोडेच आहे?

‘बंद’चा जोडीदार ‘उघडा’. त्यानेही असाच दगा दिला. टायर बांधताना प्रत्येक थराची दोन टोके एकमेकांवर काही मिलीमीटर चढवून जोडतात. हा जोड कधी नीट चिकटत नाही, मध्ये फट राहते. असा टायर प्रेसला पाठवू नये, ही सूचना भाषांतरात अशी उतरली होती: ‘जोड उघडा, टायर परत पाठवा.’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘उघडा’ हे विशेषण होते, उघडा माणूस म्हणतो तसे. वाचणाऱ्याला ती आज्ञा वाटली, दार उघडा म्हणतो तशी. म्हणजे चांगला चिकटलेला जोड पोराने नखाने उचकटावा आणि मग टायर परत करावा! आम्ही तेथे ‘सांधा सुटलेला दिसला तर टायर परत पाठवावा’ असे लिहिले. सांधा हा शब्द गवंड्याचा आहे आणि तो येथे दुसऱ्याही कारणाने शोभतो. भिंत बांधताना गवंडी वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही. टायर बांधतानाही निरनिराळ्या थरांचे सांधे घेराभर विखुरलेले ठेवावे लागतात. एकाच जागी आले तर तेथे जाडी वाढते, टायर गोल फिरत नाही. हे एका वाक्यात गवंड्याच्या पोराला कळते.

आता दाबाची गोष्ट. मूळ पत्रकात होते की ब्लॅडरचा दाब शून्यावर आल्याशिवाय प्रेस उघडू नये. भाषांतरात आले, ‘दाब कमी करून प्रेस उघडावा.’ कमी म्हणजे किती? आम्ही गणिताच्या शिक्षकांना फळ्यापाशी उभे केले. लहान मोटारीच्या टायरचा साचा आतून सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २,८२७ चौरस सेंटिमीटर येते. ब्लॅडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १४ किलो दाब असेल, तर दोन साचे एकमेकांपासून दूर लोटणारा जोर ढोबळ मानाने ३९ हजार ५०० किलोंच्या वर जातो. म्हणजे जवळजवळ ४० टन. म्हणूनच प्रेसला एवढे भरभक्कम लोखंड लागते. आता कुणी दाब ‘कमी’ करून १४ वरून १ वर आणला. काटा जवळजवळ तळाला टेकला. तरी उरलेला जोर २,८०० किलो, पावणेतीन टनांहून जास्त. वर आत गरम पाणी असेल तर दाब सुटताच त्याची वाफ उसळते. आधुनिक प्रेसमध्ये दाब असताना साचा उघडणार नाही अशी अडसर-व्यवस्था असते. पण निचऱ्याची नळी तुंबली किंवा दाबमापकाचा काटा अडकला तर तीही फसू शकते. तेव्हा ‘कमी’ आणि ‘शून्य’ यांतला फरक व्याकरणाचा राहत नाही. आम्ही लिहिले: ‘काटा शून्यावर टेकला पाहिजे. शून्याच्या जवळ म्हणजे शून्य नव्हे.’

खरा वाद झाला तो यापुढच्या शब्दावर. प्रेसमध्ये टायरचे जे होते त्याला मराठीत काय म्हणावे? परिभाषेच्या पुस्तकांत ‘व्हल्कनीकरण’ हा शब्द आहे. रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या नावावरून तो मूळ शब्द निघाला. चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली असे आढळले की रबरात गंधक मिसळून तापवले की ते उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होण्याचे थांबते. शब्द बरोबर आहे, परीक्षेत तोच लिहावा. पण आमच्या पोराने तो वाचून “वल्कल नेसवायचं का?” असे विचारले. पत्रकात तर दुसरेच होते, ‘टायरवर उपचार करणे’. इंग्रजीतल्या ‘क्युअर’चे ते सरळ कोशातले भाषांतर. आजारी टायर दवाखान्यात न्यावा तसे.

कामगार आपापसात म्हणतात, ‘टायर शिजला’. आम्हांला पहिल्यांदा तोच शब्द पत्करला. त्यात उष्णता आहे, वेळ आहे आणि लवकर उतरवले तर फसते हेही आहे. पण समितीतल्या एका बाईंनी शंका काढली. डाळ शिजली की मऊ होते. रबर तर उलट घट्ट होते. मग ‘शिजला का’ हे बघायला नवा पोरगा टायर मऊ झाला का ते बघणार. दुसऱ्या सभासदांनी ‘भाजणे’ सुचवले, कुंभार मडकी भाजतो तसे. भाजले की कच्चे पक्के होते, हे जुळते. पण ज्या पत्रकात पुढे ‘हात भाजल्यास काय करावे’ असा परिच्छेद आहे, तेथे टायर भाजणे नको. शेवटी सर्वांचे एकमत झाले ते साध्या जोडीवर: कच्चा टायर आणि पक्का टायर. प्रेसचे काम, ‘टायर पक्का करणे’. कच्ची वीट, पक्की वीट आपण म्हणतोच.

या जोडीमागचे शास्त्रही त्याच शब्दांत सांगता येते. कच्च्या रबराचे कण म्हणजे लांबच लांब दोरे, एकमेकांत गुंतलेले पण न बांधलेले. ओढले की घसरतात. म्हणून ते चिकट असते, थरावर थर ठेवला की धरतो. गंधक आणि उष्णता मिळाली की दोऱ्यांमध्ये जागोजागी गाठी बसतात. मग ओढले तरी दोरे घसरत नाहीत, सोडले की जागेवर येतात. चिकट होते ते चिवट होते. या गाठी पुन्हा तापवून सुटत नाहीत. कच्च्या टायरचा सांधा सुटला असेल तर बांधणारा तो उकलून पुन्हा लावू शकतो. पक्क्या टायरचा सुटला तर तो टायर भंगारात.

येथेच आमच्या शब्दाने आम्हांलाही पेचात धरले. टायर प्रेसमधून लवकर निघाला किंवा साच्याची उष्णता कमी पडली तर तो पुरता पक्का होत नाही. त्याला कामगार काय म्हणतात? ‘कच्चा राहिला’. म्हणजे प्रेसपूर्वीचाही कच्चा आणि प्रेसमध्ये फसलेलाही कच्चा. दोषांच्या वहीत पाळी संपताना कुणी ‘३ टायर कच्चे’ असे लिहिले तर पुढच्या पाळीने काय समजावे? तीन टायर प्रेसला लावायचे राहिलेत, की तीन टायर बाद करायचे आहेत? फसलेला टायर चुकून पुन्हा प्रेसमध्ये गेला तर वरून ठीक दिसेल, आतून नासलेला राहील. तेव्हा फसलेल्याला ‘अर्धकच्चा’ हे नाव ठरवले आणि पत्रकात तळटीप नव्हे, ठळक चौकट घातली: वहीत नुसते ‘कच्चा’ लिहू नये.

उलट बाजूचे, म्हणजे जास्त वेळ राहिलेल्या टायरचे काय? एका आजोबांनी ‘जून’ शब्द दिला. भेंडी जून होते तसा टायर. शब्द फार गोड, पण अर्धाच खरा. काही कृत्रिम रबरे जास्त तापली की खरोखर जून होतात, कडक पडतात. नैसर्गिक रबर मात्र जास्त तापले की गाठी तुटून पुन्हा मऊ आणि कमजोर होऊ लागते. एकाच टायरमध्ये दोन्ही रबरे असतात. म्हणून मोह आवरून आम्ही ‘जास्त पक्का’ एवढेच लिहिले आणि खाली दोन्ही लक्षणे सांगितली. शब्द सुंदर आहे म्हणून खोटा चालवू नये.

दोषांची नावे मात्र आमच्या स्वयंपाकघराने दिली आणि ती आमच्या मते या साऱ्या खटाटोपाची खरी कमाई आहे. मूळ पत्रकात दोन दोष आहेत आणि भाषांतरात दोघांनाही ‘फुगा’ म्हटले होते. पहिला असा. रबरात थोडा ओलावा आणि इतर वायू असतात. तापल्यावर त्यांना बुडबुडे व्हायचे असते, पण ब्लॅडरचा दाब त्यांना दडपून ठेवतो. रबर पुरेसे पक्के होण्यापूर्वीच दाब काढला तर आत बारीक बारीक छिद्रे पडतात. टायर कापून पाहिला तर कड स्पंजासारखी दिसते. रबरातून उष्णता सावकाश जाते, म्हणून ही छिद्रे बहुधा सर्वांत जाड भागात, म्हणजे नक्षीची कड जेथे बाजूच्या भिंतीला मिळते तेथे आतल्या बाजूला सापडतात. समितीतल्या बाई तो कापलेला तुकडा पाहून लगेच म्हणाल्या, “ही तर आंबोळीला पडते तशी जाळी!” ठरले. या दोषाचे नाव ‘जाळी’.

दुसरा दोष वेगळा. टायर बांधताना दोन थरांमध्ये हवा अडकली, रुळाने नीट दाबली नाही, तर पक्क्या टायरवर एखादा उंचवटा येतो. कापला तर आत एकच पोकळी, तिच्या भिंती गुळगुळीत, दोन थर सुटे. हा ‘फोड’.

एवढा कीस कशासाठी, असे कुणी विचारील. कारण जाळीचा आणि फोडाचा गुन्हेगार वेगवेगळा आहे. जाळी दिसली तर प्रेसकडे जायचे: वेळ कमी दिला का, वाफेची उष्णता उतरली का, तापणाऱ्या लोखंडी पाटात वाफेचे पाणी साचले का. फोड दिसला तर टायर बांधणाऱ्याच्या ढोलाकडे जायचे: रूळ नीट फिरला का, थरावर धूळ किंवा ओल होती का. दोघांना ‘फुगा’ म्हटले की एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याच्या नावावर शेरा पडतो आणि चूक मात्र चालूच राहते. आमचा विद्यार्थी म्हणाला, गेल्या वर्षी टायर बांधणाऱ्या दोघांना चार दिवस बोलणी बसली, आणि दोष पाटात साचलेल्या पाण्याचा निघाला. ज्या वहीवरून माणसाची रोजी ठरते, त्या वहीत दोन दोषांना दोन नावे असलीच पाहिजेत.

मग सगळेच शब्द मराठी केले का? नाही. टायर, प्रेस, ब्लॅडर, रिम, टायमर हे जसेच्या तसे ठेवले. यंत्रावर तेच लिहिलेले असते, दुरुस्तीला येणारा दुसऱ्या प्रांतातला माणूसही तेच म्हणतो. ब्लॅडरला ‘फुगा’ म्हणावे असे एकाने सुचवले, पण दोषांच्या घोटाळ्यातून नुकतेच सुटलो होतो. आमचा नियम असा ठरला: यंत्राच्या भागांची नावे बहुधा राहू द्यावीत, पण काय करायचे आणि काय बिघडले हे मात्र मराठीतच सांगावे. भागाचे नाव बोट दाखवून शिकता येते. ‘सुटलेला’, ‘मिटलेला’, ‘अर्धकच्चा’ यांच्याकडे बोट दाखवता येत नाही. ते आधी समजलेलेच असावे लागतात, आणि माणसाला घाईत समजते ते घरच्या भाषेत.

या नियमाला एक अपवाद करावा लागला आणि तो आमच्या बेळगावच्या मातीमुळे. तारेच्या कड्याला इंग्रजीत ‘बीड’ म्हणतात. तेच ठेवायला आमची हरकत नव्हती. पण ज्या गावांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या ओतकामाच्या कारखान्यांत राबली, त्यांना बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाची कढई, बिडाचा नळ. पत्रकातले ‘बीड वाकलेले नसावे’ हे वाक्य आमच्या एका जुन्या ओतारी स्नेह्यांना वाचायला दिले, तर ते म्हणाले, “बीड वाकतं कुठं? ते तुटतं.” त्यांचे बरोबर होते. टायरमधले कडे ओढलेल्या पोलादी तारेचे असते आणि ते वाकते, म्हणूनच सूचना आहे. तेव्हा तेथे ‘तारकडे’ हा शब्द घातला. वाकडे तारकडे टायरला रिमवर नीट बसू देत नाही, एवढी ओळ पुढे जोडली.

पत्रक पुरे झाल्यावर आम्ही ते तिघांना मोठ्याने वाचून दाखवले: आठ वर्षे प्रेसवर काम केलेला एक कामगार, नुकता दहावी झालेला एक मुलगा आणि नाक्यावरचा पंक्चरवाला. प्रत्येक वाक्यानंतर विचारले, आता तू काय करशील? उत्तर शब्दांत नको, हातांनी करून दाखव. जेथे तिघांचे हात वेगवेगळे गेले ते वाक्य पुन्हा लिहिले. अशी नऊ वाक्ये निघाली. त्यांतली चार आम्ही स्वतः अभिमानाने लिहिलेली होती. प्रेसपुरता जो मजकूर शेवटी उरला तो असा:

कच्चा टायर तपासा. सांधा सुटलेला किंवा तारकडे वाकलेले दिसले तर टायर परत पाठवा.
टायर ब्लॅडरभोवती सरळ ठेवा. तिरका बसला तर ‘थांबवा’चे बटण दाबा.
ब्लॅडर हलक्या दाबाने फुगवा. टायर मधोमध आहे हे पाहा.
हात आणि साथीदार बाहेर आहेत हे पाहा. मग साचा मिटवा.
वेळ पुरी होईपर्यंत दाब काढू नका. आधी काढला तर टायरला आत जाळी पडते.
वेळ झाल्यावर दाब सोडा. काटा शून्यावर टेकला पाहिजे.
मगच साचा उघडा.

यांत पाठांतर करण्यासारखा एकही शब्द नाही, आणि तेच आम्हांला हवे होते. हे पत्रक म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक टायरची वेळ, उष्णता आणि दाब कारखान्याच्या तक्त्यावरच पाहायचे असतात. ते आकडे आम्ही पत्रकात घातले नाहीत, कारण माप बदलले की तेही बदलतात आणि जुना कागद खिशात राहतो. हा मजकूर कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने यंत्रापाशी उभे राहून तपासल्याशिवाय भिंतीवर लागू नये, असे आम्ही त्या तरुणाला बजावून सांगितले आहे.

कारखान्याने ते स्वीकारले की नाही हे आम्हांला अजून कळलेले नाही. पण दिवाळीला तो तरुण गावी आला तेव्हा एक गोष्ट सांगून गेला. त्याच्या पाळीवर आता कुणी ‘बंद कर’ म्हणत नाही. मराठी, कोकणी, कानडी, हिंदी बोलणारे सगळेच ‘थांब’ आणि ‘मिटव’ म्हणतात. आमच्या वाचकांपैकी जे दुसऱ्या कारखान्यांत आहेत, त्यांनी आपापल्या यंत्रावरच्या पाट्या एकदा या नजरेने वाचाव्यात. ‘बंद’ आणि ‘उघडा’ हे शब्द कुठे आहेत ते शोधावे आणि शेजारच्याला विचारावे, हे वाचून तू काय करशील? दोघांचे हात वेगळ्या दिशांनी गेले, तर ती पाटी आमच्याकडे पाठवावी. आमच्या समितीचे रविवार मोकळे आहेत.